मोल कमी, तरी शेवटी उरतो तोच: ३ : २ च्या अभिक्रियेत लिमिटिंग रिएजंट कसा ओळखायचा

प्रश्न: "अकरावीला आहे. 3BaCl₂ + 2Na₃PO₄ → Ba₃(PO₄)₂ + 6NaCl. गणितात १२.० ग्रॅम BaCl₂ आणि ८.०० ग्रॅम Na₃PO₄ दिलंय. मोल काढले तर Na₃PO₄ चे कमी आले, म्हणून तोच लिमिटिंग धरला आणि यील्ड १४.७ ग्रॅम आली. पुस्तकात ११.६ आहे. का? शिवाय प्रॅक्टिकलला आम्ही याच्याच दहाव्या हिश्शाने, १.२० ग्रॅम आणि ०.८०० ग्रॅम घेऊन केलं, तर वाळवलेला अवक्षेप ०.५८ ग्रॅमच भरला. म्हणजे पुस्तकातलं उत्तर धरलं तरी यील्ड फक्त ५० टक्के. इतकं कुठे गेलं?"

तुझे दोन्ही प्रश्न एकमेकांना लागून आहेत, पण त्यांची कारणं वेगळी आहेत. पहिल्याचं उत्तर मी खात्रीने देऊ शकते. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या प्रयोगशाळेतल्या बाटलीवर काय लिहिलंय यावर अवलंबून आहे. ती बाटली मी पाहिलेली नाही, पण ०.५८ हा आकडा पाहून मला एक दाट शंका आहे. तिच्याकडे नंतर येते. ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवताना हा प्रयोग मी बऱ्याच बॅचकडून करून घेतला आहे आणि नेमकी हीच घसरण स्वतःही अनुभवली आहे.

आधी गणित घेऊ. ग्रॅमचे मोल करण्यापर्यंत तू सगळं बरोबर केलंस. BaCl₂ चं मोलर मास २०८.२३, म्हणून १२.० ग्रॅम म्हणजे ०.०५७६ मोल. Na₃PO₄ चं १६३.९४, म्हणून ८.०० ग्रॅम म्हणजे ०.०४८८ मोल. यानंतर तू हे दोन आकडे थेट शेजारी ठेवून लहान कोणता ते पाहिलंस. तशी तुलना चालते, पण फक्त दोघांचे सहगुणक सारखे असतील तेव्हा. इथे एक जण तिनाच्या हिशोबाने खर्च होतो आणि दुसरा दोनाच्या. त्यामुळे कोणाकडे मोल जास्त आहेत यावरून कोण आधी संपेल ते कळत नाही.

हे वर्गात मी ताटांवरून सांगते. समज, पंगतीत प्रत्येक ताटात ३ पुऱ्या आणि २ लाडू वाढायचे आहेत. स्वयंपाकघरात ५७ पुऱ्या आणि ४८ लाडू आहेत. लाडू संख्येने कमी आहेत, म्हणून आधी लाडू संपतील असं कोणी म्हणणार नाही. वाढणारा माणूस विचारतो, पुऱ्यांवर किती ताटं निघतील? ५७ ला ३ ने भागून १९. लाडवांवर किती निघतील? ४८ ला २ ने भागून २४. म्हणजे १९ ताटांनंतर पुऱ्या संपतात, १० लाडू डब्यात उरतात आणि विसावं ताट लागत नाही. हे आकडे मी मुद्दाम तुझ्या गणितातून उचलले आहेत. ०.०५७६ आणि ०.०४८८ मोल म्हणजे याच पुऱ्या आणि लाडू, फक्त दशांशचिन्ह सरकलेलं.

आता हेच मोलवर करू. ०.०५७६ ला ३ ने भागलं की ०.०१९२ येतं. ०.०४८८ ला २ ने भागलं की ०.०२४४ येतं. या भागाकारांना मी 'ताटं' म्हणते. समीकरणात लिहिलेली अभिक्रिया, म्हणजे तीन मोल इकडून आणि दोन मोल तिकडून, एकूण किती वेळा पुरी होऊ शकते ते हा आकडा सांगतो. ज्याची ताटं कमी तो लिमिटिंग रिएजंट. इथे BaCl₂. त्याचं वस्तुमान जास्त आहे, मोलही जास्त आहेत, तरी आधी तोच संपतो. ३ : २ चं हे समीकरण मला शिकवायला आवडतं ते यासाठीच. वजनाने केलेला अंदाज आणि मोलने केलेला अंदाज, दोन्ही इथे एकाच बाजूला चुकतात.

हे सहगुणक कुठून आले तेही एकदा मनाशी पाहून घे, म्हणजे पुढे समीकरण पाठ करावं लागणार नाही. बेरियम आयनावर दोन धन प्रभार असतात आणि फॉस्फेट आयनावर तीन ऋण. दोन्ही बाजू समान व्हायला तीन बेरियमचे सहा धन आणि दोन फॉस्फेटचे सहा ऋण लागतात. ३ : २ हे प्रमाण अवक्षेपाच्या सूत्रातच बसलेलं आहे.

लिमिटिंग कोण ते कळलं की थिऑरेटिकल यील्ड काढताना दुसऱ्या अभिक्रियाकारकाकडे पाहायचं नाही. ताटं ०.०१९२ आणि एका ताटाला एक Ba₃(PO₄)₂, म्हणून उत्पादितही ०.०१९२ मोल. त्याचं मोलर मास ६०१.९२. गुणाकार ११.६ ग्रॅम. पुस्तकातलं उत्तर हेच. (गुणताना ०.०१९२ असं तोडून घेऊ नकोस. कॅल्क्युलेटरवर ०.०१९२१ राहू दे आणि पूर्णांकन अगदी शेवटी कर.) या उत्पादिताचा सहगुणक १ असल्यामुळे एक जागा झाकली जाते. तुला सोडियम क्लोराइड विचारलं असतं, तर त्याच ताटांना ६ ने गुणावं लागलं असतं, कारण एका ताटामागे सहा NaCl निघतात. ०.०१९२१ गुणिले ६ गुणिले ५८.४४ म्हणजे ६.७४ ग्रॅम. अभिक्रियाकारकाच्या सहगुणकाने भागायचं आणि उत्पादिताच्या सहगुणकाने गुणायचं. मुलांच्या वह्यांत मला बहुतेक वेळा दुसरी पायरी गाळलेली दिसते. किंवा मोलर मास काढतानाच ३ ने गुणून ६२४.७ घेतलेलं असतं आणि नंतर पुन्हा ३ ने भागलेलं असतं. सहगुणक मोलर मासमध्ये कधीच शिरू द्यायचा नाही.

तुझं १४.७ चूक आहे हे पुस्तक न उघडताही पकडता आलं असतं. तेवढा अवक्षेप व्हायला ०.०२४४ ताटं लागतात, म्हणजे BaCl₂ चे ०.०७३२ मोल, म्हणजेच १५.२ ग्रॅम. तुझ्याकडे होते १२.०. जवळ नसलेला पदार्थ खर्च झाला, तर लिमिटिंग चुकीचा निवडला आहे. मी मुलांना लिमिटिंग ठरवल्यावर हा एक उलटा प्रश्न विचारायला लावते: याला पूर्ण संपवायला दुसरा किती लागेल, आणि तेवढा आपल्याकडे आहे का?

उत्तर बरोबर आल्यावर करायचा दुसरा ताळा वस्तुमानाचा आहे. ०.०१९२१ ताटांना फॉस्फेट लागतं त्याच्या दुप्पट, ०.०३८४ मोल, म्हणजे ६.३० ग्रॅम. ८.०० मधून ते गेलं की १.७० ग्रॅम उरतं. आता अभिक्रियेनंतर बीकरमध्ये काय काय आहे ते मोज. अवक्षेप ११.५६, मीठ ६.७४ आणि उरलेलं फॉस्फेट १.७०. बेरीज २०.००. सुरुवातीला १२.० आणि ८.०० मिळून २०.० च होते. ही बेरीज जुळली की संतुलन, लिमिटिंग आणि तिन्ही गुणाकार एकदम तपासून होतात. परीक्षेत वेळ उरला तर तो इथे घाल.

पेपर काढणारे कधीकधी मुद्दाम जवळजवळ जुळणारे आकडे देतात, आणि मग दोन्ही भागाकार ०.०१९ च्या आसपास येतात. तिथे तीन सार्थ अंकांवर कापलेले मोल घेतले तर पूर्णांकनामुळेच निवड उलटू शकते. भागाकार अगदी सारखे आले तर लिमिटिंग असा कोणीच नाही, दोन्ही एकदम संपतात.

आता प्रॅक्टिकलकडे येऊ.

गणितात BaCl₂ आणि Na₃PO₄ असं लिहिलं होतं. पण प्रयोगशाळेच्या कपाटात हे पदार्थ बहुधा स्फटिकजलासह असतात. बेरियम क्लोराइडच्या बाटलीवर साधारणपणे BaCl₂·2H₂O असतं, आणि ट्रायसोडियम फॉस्फेटच्या बाटलीवर बऱ्याचदा Na₃PO₄·12H₂O. त्या बारा पाण्यांचं वजन लहान नाही. Na₃PO₄·12H₂O चं मोलर मास ३८०.१२ आहे आणि त्यातला सुमारे ५७ टक्के भाग निव्वळ पाणी आहे. तू ०.८०० ग्रॅम तोललंस तेव्हा तराजूवरचं निम्म्याहून अधिक पाणीच होतं.

हे धरून हिशोब पुन्हा मांडू. BaCl₂·2H₂O चं मोलर मास २४४.२६, म्हणून १.२० ग्रॅम म्हणजे ०.००४९१ मोल आणि ताटं ०.००१६४. फॉस्फेट ०.८०० ग्रॅम म्हणजे ०.००२१० मोल आणि ताटं ०.००१०५. आता लिमिटिंग फॉस्फेट झालं. कागदावर बेरियम आधी संपत होतं, बीकरमध्ये फॉस्फेट आधी संपलं. तोललेलं वजन तेच, समीकरणही तेच, तरी उत्तर उलटलं. यील्ड येते ०.००१०५ गुणिले ६०१.९२, म्हणजे ०.६३३ ग्रॅम. तुला ०.५८ मिळाले. म्हणजे ९२ टक्के. गाळून, धुऊन, वाळवून ९२ टक्के हाती येणं हे चांगलं काम आहे.

माझी शंका ती हीच. तुमचं अर्धं उत्पादन कुठे गेलं नसावं, ते व्हायचंच नव्हतं. मी सुरुवातीच्या वर्षांत एका बॅचला निर्जल सूत्रांवरून काढलेली यील्ड फळ्यावर लिहून दिली होती. सगळ्यांची टक्केवारी पन्नाशीच्या आसपास आली. मी त्यांना गाळणं जपून करा म्हणून पुन्हा प्रयोग करायला लावला, आणि पुन्हा तेवढीच आली. तेव्हा बाटलीवरचं लेबल नीट वाचलं. त्या मुलांचे दोन तास गेले याचं मला अजून वाईट वाटतं. एका टेबलाची टक्केवारी कमी आली तर हाताची चूक असू शकते. सगळ्या टेबलांची एकाच आकड्याभोवती कमी आली तर चूक हिशोबात शोधायची. तुझ्या वर्गात इतरांना किती आले ते विचारून बघ.

यातली एक गोष्ट मला फार उद्बोधक वाटते. फॉस्फेट बारा पाण्यांचं असेल, तर बेरियम क्लोराइड निर्जल होतं की दोन पाण्यांचं, याने तुझी यील्ड बदलत नाही. दोन्ही वेळा ०.६३३ च. कारण यील्ड ठरवतो तो लिमिटिंग, आणि जो उरणारच आहे त्याची मोजणी थोडी इकडेतिकडे झाली तरी उत्पादिताला फरक पडत नाही. उलट फॉस्फेट निर्जल आणि बेरियम क्लोराइड दोन पाण्यांचं असेल, तर बेरियम लिमिटिंग राहतं, यील्ड ०.९८६ ग्रॅम होते आणि तुझे ०.५८ म्हणजे फक्त ५९ टक्के. तसं निघालं तर मात्र नुकसान हातून झालंय असं मानावं लागेल. म्हणून आधी फॉस्फेटची बाटली बघ.

बाटली पाहायला मिळाली नाही, किंवा लेबल पुसट असेल, तरी कोण लिमिटिंग होतं ते बीकरलाच विचारता येतं, आणि हा या प्रयोगातला सर्वांत सुंदर भाग आहे. अवक्षेप गाळल्यावर खाली आलेला द्रव स्वच्छ असला पाहिजे. तो दोन परीक्षानळ्यांत थोडा थोडा घ्यायचा. एकीत बेरियम क्लोराइडच्या द्रावणाचे दोन थेंब टाकायचे, दुसरीत फॉस्फेटच्या द्रावणाचे दोन थेंब. पहिली गढूळ झाली, तर द्रवात फॉस्फेट उरलं आहे, म्हणजे बेरियम संपलं होतं. दुसरी गढूळ झाली, तर बेरियम उरलं आहे आणि फॉस्फेट लिमिटिंग. इथे मुलं हमखास उलटं लिहितात, कारण ज्याचे थेंब टाकले तोच उरलेला वाटतो. थेंब हा फक्त शोधणारा आहे. गढूळपणासाठी त्याला ज्या जोडीदाराची गरज असते, तो द्रवात उरलेला असतो. माझा अंदाज खरा असेल, तर तुमची दुसरी नळी गढूळ व्हायला हवी.

ही परीक्षा फसते ती गाळलेला द्रव आधीपासूनच गढूळ असेल तेव्हा. बेरियम फॉस्फेटचा अवक्षेप फार बारीक असतो आणि ताजा असताना गाळणकागदातून निसटतो. म्हणून द्रावणं एकत्र केल्यावर लगेच गाळायची नाहीत. बीकर मंद आचेवर गरम ठेवायचा, म्हणजे बारीक कण मोठे होतात आणि तळाशी बसतात. तुमच्याकडे घाईत ही पायरी वगळली गेली असेल, तर उरलेले ८ टक्के तिथेच गेले असण्याची शक्यता आहे. आणखी एक कारण द्रावणाचं. ट्रायसोडियम फॉस्फेटचं द्रावण अल्कधर्मी असतं, कारण काही फॉस्फेट आयन पाण्याकडून हायड्रोजन घेऊन HPO₄²⁻ होतात. द्रावणात चुकून आम्ल गेलं तर हे खूप वाढतं आणि तयार झालेला अवक्षेपही विरघळू लागतो. थिऑरेटिकल यील्डच्या गणितात यातलं काहीच येत नाही. ती फक्त वरची मर्यादा सांगते.

मर्यादेच्या वर आकडा गेला, तर ते जास्त यश मानायचं नाही. ०.६३३ च्या हिशोबात एखाद्या टेबलाला ०.७० ग्रॅम मिळाले, तर अवक्षेप ओला आहे, किंवा कोऱ्या कागदाचं वजन वजा करायचं राहिलं आहे, किंवा मीठ धुतलं गेलेलं नाही. ओलं आहे का ते कळायला पुन्हा वाळवून तोलायचं. सलग दोन वजनं सारखी येईपर्यंत ते वाळलेलं नसतं. मीठ राहिलंय का ते पाहायला धुण्याच्या शेवटच्या पाण्यात सौम्य नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकायचा. पांढरी झाक आली तर क्लोराइड अजून आहे. आम्ल अगोदर घालायचं ते फॉस्फेटमुळे, नाहीतर पिवळा सिल्व्हर फॉस्फेटही दिसतो आणि घोटाळा होतो. धुताना पाणी गार आणि थोडं थोडं वापरायचं.

आणि एक गोष्ट काळजीने सांगते. फॉस्फेट लिमिटिंग असेल, तर गाळलेल्या द्रवात तुमच्या १.२० ग्रॅममधलं सुमारे ०.४३ ग्रॅम बेरियम क्लोराइड तसंच राहिलेलं असतं. पाण्यात विरघळलेलं बेरियम विषारी आहे. तो द्रव बेसिनमध्ये ओतायचा नाही आणि हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. त्यात सोडियम सल्फेटचं द्रावण थोडं जास्तीचं घातलं की बेरियम सल्फेट खाली बसतं. ते इतकं अविद्राव्य आहे की पोटाच्या एक्स-रेसाठी रुग्णाला चक्क प्यायला देतात. म्हणजे लिमिटिंग कोण हे ठरवण्यावर तुमच्या टाकाऊ द्रवात विष किती आहे हेही ठरतं.

जर्नलमध्ये तू असं लिही: तोललेल्या पदार्थाचं पूर्ण सूत्र, पाण्यासकट, आणि त्याचं मोलर मास. समीकरणही त्याच सूत्रांनी मांडलंस तर गोंधळ राहत नाही:

2 Na₃PO₄·12H₂O + 3 BaCl₂·2H₂O → Ba₃(PO₄)₂ + 6 NaCl + 30 H₂O

पाणी उजवीकडे तीस येतं, चोवीस एकाचं आणि सहा दुसऱ्याचं. सहगुणक ३ आणि २ तसेच राहतात, बदलतं फक्त मोलर मास. त्याखाली दोन्ही ताटं, मग ०.६३३, मग तुझे ०.५८ आणि टक्केवारी. नळ्यांच्या परीक्षेचं निरीक्षणही त्याच पानावर असू दे. फॉस्फेटच्या बाटलीवर बारा पाणी नसेल, तर इथे कळव आणि गाळलेला द्रव कसा दिसत होता तेही लिही, मग नुकसान कुठे झालं ते पायरीपायरीने शोधू.